कच्च्या वहीतून प्रोसिडिंगमध्ये

१५ ऑगस्टची ग्रामसभा दुपारी दीडला संपली. मी संध्याकाळी सहाला ग्रामपंचायतीत पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात लावल्या होत्या, शिपायाने चहाचे पेले धुऊन पालथे घातले होते, आणि टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एक दोनशे पानी लाँगबुक, कोपरे दुमडलेली, कव्हरवर पेनाने गिरवलेला आकडा. दुसरी जाड पुठ्ठ्याची, पानापानावर छापील क्रमांक असलेली. पहिलीला भाऊसाहेब ‘कच्ची वही’ म्हणतात. दुसरी म्हणजे प्रोसिडिंग बुक.

भाऊसाहेब म्हणजे इथले ग्रामसेवक. सरकारने २०२४ साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण गावात हाक भाऊसाहेब अशीच येते. त्यांच्याकडे तीन गावांचा कारभार आहे. सभा झाली की त्याच दिवशी प्रोसिडिंग लिहायला बसायचं हा त्यांचा नेम. “ताई, रात्र गेली की अक्षर माझंच असतं, पण अर्थ परक्याचा होतो,” असं ते म्हणाले, आणि कच्ची वही माझ्याकडे सरकवली.

मला तीच पाहायची होती. ग्रामसभेत काय ठरलं यावर आपण पुष्कळ वाचतो. ठरलेलं कागदावर कसं उतरतं, हे क्वचित कुणी पाहतं. पण पंचायत समितीतला विस्तार अधिकारी, अंदाजपत्रक करणारा अभियंता, लेखापरीक्षक, उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तिथला वकील, यांतलं कुणीही त्या सतरंजीवर बसलेलं नसतं. त्यांच्यापुरती सभा म्हणजे तो कागद.

तिसऱ्या विषयाचं टिपण मी जसंच्या तसं उतरवून घेतलं :

‘वि. ३ – पा.पु. मोटर. ७.५ जळाली २ दा. व.वाडा ८ दि. पाणी नाही. नवी घ्या. १.१० ला. १५ वा – बंधित. आप्पा – दुरुस्ती करा, वो. कमी, तीही जळेल. स्टा. पण – हो. सू. वॉर्ड २. अ. – . हात ८१/२७.’

एवढ्या पाच ओळींचा ठराव व्हायला त्या संध्याकाळी पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात जे झालं तेच या लेखात सांगायचं आहे.

*

सुरुवात ठरावापासून झालीच नाही. आधी हजेरी. कोरम पुरा होता की नाही हे ठरल्याशिवाय बाकी लिहिण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्रात ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. या गावात मतदार १,२४०. पंधरा टक्के काढले तर १८६ होतात, म्हणून इथे कोरम १०० चा. शेजारच्या वस्तीवजा गावात मतदार ५४० आहेत. तिथे ८१ माणसं जमली की सभा भरते. कोरम नसेल तर सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही, म्हणून पुष्कळ गावांत पहिली सभा नावापुरती होते आणि खरे निर्णय मूठभर माणसांत दुसऱ्या सभेत होतात.

हजेरी वहीत सह्या आणि अंगठे मिळून ११२ होते. भाऊसाहेबांनी मतदारयादी काढली आणि एकेक नाव बोटाने शोधत खूण करायला लागले. मला वाटलं होतं, ११२ म्हणजे कोरम झाला, पुढे चला. पण पाच सह्या अठरा न झालेल्या पोरांच्या निघाल्या. सकाळी झेंडावंदन झालं आणि ती तशीच सभेला बसली. दोन सुना होत्या, ज्यांची नावं अजून माहेरच्याच यादीत आहेत. एक सही कुणाच्या तरी पाहुण्या मामांची. आठ वजा झाले, उरले १०४. कोरम चार माणसांनी पार पडला होता.

त्यांनी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं : ‘हजेरी नोंदवहीनुसार ११२ ग्रामस्थ उपस्थित, त्यांपैकी या गावच्या मतदारयादीत नावे असलेले १०४. गणपूर्ती झाल्याने सभेचे कामकाज सुरू करण्यात आले.’ मी विचारलं, नुसतं ११२ लिहिलं असतं तर? ते म्हणाले, “कुणी माहिती अधिकारात हजेरीची नक्कल मागितली आणि यादीशी ताडून पाहिली, तर आठ नावं सापडतीलच. मग तो म्हणणार, सभाच खोटी. आठ जण मीच वेगळे काढून दाखवले, तर वादाला जागा राहत नाही.” दहा रुपयांच्या अर्जावर आणि दोन रुपये पानाच्या नकलेवर गावातला कुणीही माणूस हा पडताळा घेऊ शकतो, आणि घेतात.

*

आता तिसरा विषय. पहिली अडचण ‘१.१० ला.’ ची. बॉलपेनने घाईत लिहिलेला देवनागरी एक आणि नऊ यांत फरक एका वळणाचा. १.१० की १.९०? भाऊसाहेबांनी आठवणीवर विसंबायचं नाकारलं आणि सभेत वाचून दाखवलेलं दरपत्रक फाइलमधून काढलं. मोटर, केबल, पॅनेल आणि उतरवणी धरून एक लाख दहा हजार. पक्क्या वहीत आकडा गेला तो आकड्यात आणि अक्षरी असा दोन्हींत : ‘रु. १,१०,०००/- (अक्षरी रुपये एक लाख दहा हजार फक्त) चे मर्यादेत’. ‘चे मर्यादेत’ हे शब्द सभेतले. सरपंचताई म्हणाल्या होत्या, एक लाख दहाच्या वर जायचं नाही. ते शब्द गळले असते तर मर्यादा जाऊन तीच किंमत झाली असती.

दुसरी अडचण ‘बंधित’ ची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. पाणीपुरवठ्याची मोटर बंधितमध्ये बसत होती. टिपणात शब्द होता म्हणून प्रश्न आला नाही. पण ठरावात नुसतं ‘वित्त आयोगातून’ असं असतं, तर विकास आराखड्यात हे काम कुठल्या रकान्यात घालायचं यावरून कागद परत आला असता. कागद परत येणं म्हणजे काय हे मी माझ्या गावात पाहिलंय. स्मशानभूमीच्या शेडचा ठराव झाला होता. ठरावात एकच वाक्य : ‘स्मशानभूमीचे काम करण्यात यावे.’ कुठल्या गटातली स्मशानभूमी, शेड की संरक्षक भिंत की रस्ता, कुठल्या निधीतून, काहीच नाही. प्रस्ताव शेऱ्यासह परत आला. दुरुस्त ठरावासाठी पुढची ग्रामसभा भरेपर्यंत मार्च उलटला. त्या पावसाळ्यात माझ्या चुलत्यांना अग्नी दिला तेव्हा चार माणसांनी वर ताडपत्री धरली होती. त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून मी भाऊसाहेबांना उलट बाजूचाही प्रश्न विचारला. तपशील हवाच असतो, तर मग तो आपण घरी बसून भरला तर काय बिघडलं? त्यांनी मला चौथा विषय दाखवला. ‘मारुती मंदिर ते ओढा – काँक्रीट – लगेच.’ सभेत लांबी कुणी बोललं नव्हतं. त्यांना स्वतःला ती माहीत होती, कारण जुनं अंदाजपत्रक त्यांच्याच कपाटात होतं. तरी त्यांनी मीटर लिहिले नाहीत. लिहिलं ते असं : ‘मारुती मंदिरापासून ओढ्यावरील मोरीपर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणे. लांबी-रुंदी व खर्चाचे अंदाजपत्रक शाखा अभियंता यांचेकडून तयार करून घेऊन पुढील सभेपुढे ठेवणे.’ काम कुठून कुठपर्यंत हे लोक बोलले होते, ते आलं. किती मीटर हे बोलले नव्हते, ते कुणी ठरवायचं एवढंच आलं. स्मशानभूमीच्या ठरावात जे बोललं गेलं तेही लिहिलेलं नव्हतं. इथे न बोललेलं लिहायचा मोह होता. दोन्हींच्या मधली रेघ त्या माणसाला अचूक दिसते, आणि ती दिसणं हेच या कामातलं कसब आहे असं मला वाटतं.

*

मग ‘आप्पा – दुरुस्ती करा’ ही ओळ. प्रोसिडिंग लिहिणारे बहुतेक जण इथे एक सोपं वाक्य घालतात : ‘विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ मी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या गावांची प्रोसिडिंग वाचली. त्यात ‘सर्वानुमते’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्या गावांत कधी कुणाचं दुमत झालं नसावं असं वाटेल. त्याच सभांना हजर असलेल्यांना विचारा, खुर्च्या उचलल्या गेल्याचं ते सांगतात.

इथे २७ हात विरोधात होते. भाऊसाहेबांनी ‘बहुमताने’ लिहिलं आणि विरोधाचं कारणही लिहिलं. ते लिहिताना पुढचे तुटक शब्द उलगडले. ‘वो. कमी, तीही जळेल.’ आप्पांचं म्हणणं नुसतं काटकसरीचं नव्हतं. मोटर दोनदा जळाली ती व्होल्टेज कमी येतं म्हणून. तीन फेजमधला एखादा जातो तेव्हा स्टार्टर पडत नाही आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहून जळते. नवी आणली तरी वीज तीच, म्हणजे जळणं तेच. त्यावर सरपंचताई म्हणाल्या होत्या, मग स्टार्टर पण घेऊ. ‘स्टा. पण – हो’ या तीन शब्दांचा अर्थ एवढा होता.

हे मत गाळलं असतं तर ठरावात फक्त मोटर गेली असती आणि उन्हाळ्यात वरचा वाडा पुन्हा कोरडा पडला असता. विरोधी मत नोंदवायचं ते विरोधकाचा मान राखण्यासाठी, असं मी समजत होते. इथे दिसलं की गावाचं ज्ञान बरेचदा विरोधी मतातच असतं.

पण ‘हो’ कधी म्हटलं गेलं? हात वर व्हायच्या आधी की नंतर? आधी असेल तर स्टार्टर ठरावाचा भाग, नंतर असेल तर ती नुसती कबुली. त्यातच ‘अ.’ पुढे रेघ होती. अनुमोदकाचं नाव टिपायचं राहून गेलं होतं. भाऊसाहेबांनी सरपंचताईंना फोन लावला. “वहिनी, मोटारीच्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं?” त्यांनी एक नाव सांगितलं. सूचक सदस्यांना विचारलं, त्यांनी दुसरंच सांगितलं. दोघीही खात्रीने बोलत होत्या.

एका पोराने सभेचं चित्रीकरण केलं होतं. त्याला बोलावून घेतलं. मोबाइल टेबलावर तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही चौघं वाकून पाहत राहिलो. वाऱ्याचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय, मागे लाउडस्पीकरवर शाळेची गाणी. मग सरपंचताईंचं “बरं, तेही घेऊ, पॅनेलसकट घेऊ”, आणि त्यानंतर “आता हात वर करा.” म्हणजे स्टार्टर आधी, हात नंतर. अनुमोदन देणारा आवाज तिसऱ्याच माणसाचा निघाला. तो दाराशी उभा होता म्हणून कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. त्याची सही हजेरीत आहे ना, हे भाऊसाहेबांनी आधी पाहिलं आणि मग नाव लिहिलं.

चित्रीकरण नसतं तर? “जागा मोकळी सोडली नसती आणि अंदाजाने नावही घातलं नसतं,” ते म्हणाले. “‘अनुमोदकाचे नाव टिपणात नाही’ असं लिहिलं असतं, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना विचारलं असतं.”

*

हातांचा आकडा शेवटी आला आणि तिथे खरी पंचाईत झाली. ८१ आणि २७ मिळून १०८. हजेरीतले मतदार १०४. चार हात जास्त.

दोन शक्यता होत्या. एक, त्या आठ जणांपैकी काहींनी हात वर केले. दुसरी, उशिरा येऊन मागे उभे राहिलेले काही मतदार सही न करताच मत देऊन गेले. चित्रीकरणात फक्त पुढच्या रांगा दिसत होत्या. शिपाई म्हणाला, “साहेब, ७७ करून टाका, कोण मोजतंय?” तो वाईट हेतूने बोलला नव्हता, हिशेब जुळावा एवढंच त्याला वाटत होतं. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ७७ हा आकडा सभेत कुणी मोजलेला नाही, कुणी जाहीर केलेला नाही. अध्यक्षांनी ८१ आणि २७ असं सगळ्यांसमोर पुकारलं होतं.

बराच वेळ विचार करून त्यांनी ठराव असा पुरा केला :

‘ठराव क्र. ३. गावठाण पाणीपुरवठा योजनेची ७.५ अश्वशक्तीची मोटर दोन वेळा जळाल्याने वरच्या वाड्यास आठ दिवस पाणीपुरवठा बंद आहे. सबब नवीन ७.५ अश्वशक्तीची मोटर, सिंगल फेज प्रतिबंधक असलेल्या स्टार्टर पॅनेलसह, रु. १,१०,०००/- (अक्षरी रुपये एक लाख दहा हजार फक्त) चे मर्यादेत, १५ वा वित्त आयोग बंधित निधीतून खरेदी करून बसविणेस मंजुरी देणेत येत आहे. जुनी मोटर दुरुस्त करून वापरावी व कमी व्होल्टेजचा प्रश्न आधी सोडवावा, असे मत काही ग्रामस्थांनी मांडले. मतदान हात वर करून घेण्यात आले. अध्यक्षांनी जाहीर केल्याप्रमाणे बाजूने ८१, विरोधात २७. हात मोजताना मतदारयादीशी पडताळणी करण्यात आलेली नव्हती. ठराव बहुमताने मंजूर.’

‘सिंगल फेज प्रतिबंधक’ हे शब्द मात्र सभेत कुणी उच्चारले नव्हते. मी ते बोलून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचलं, मान हलवली, त्या शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी छोटी सही केली. “बरोबर आहे. ते पुरवठ्याच्या अटींत घालू. इथे नाही.” खोडलेलं तसंच वाचता येत होतं. या वहीत पांढरा रंग लावायचा नाही, कागद चिकटवायचा नाही, पान फाडायचं नाही. खोडलेलं दिसलं पाहिजे, कारण जे दिसत नाही त्याच्यावरच संशय जातो.

चार हात जास्त होते तरी निकाल बदलत नव्हता. फरक ५४ चा होता आणि अपात्र सह्या आठ. पण उद्या दारूबंदीचा किंवा गायरानाचा ठराव तीन-चार हातांवर लटकला तर? पुढच्या सभेपासून मतदार नसलेल्यांना व्हरांड्यात वेगळं बसवायचं आणि हात मोजायच्या आधी सही राहिलेल्यांची सही घ्यायची, असं त्यांनी कच्च्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

*

शेवटचं पान ऐनवेळच्या विषयांचं. तिथे टिपणात एका माणसाचं नाव, पुढे ‘गायरान’ आणि त्यापुढे एक शिवी होती. सभेत एकाने दुसऱ्यावर नाव घेऊन आरोप केला होता. शिवी प्रोसिडिंगमध्ये गेली नाही, आणि ज्याच्यावर आरोप झाला तो हजर नव्हता म्हणून त्याचं नावही गेलं नाही. पण तक्रार गेली : ‘गायरान जमिनीवरील अतिक्रमणाबाबत एका ग्रामस्थाने तोंडी तक्रार केली. विषय सभेच्या नोटिशीत नसल्याने निर्णय घेण्यात आला नाही. लेखी तक्रार प्राप्त झाल्यावर विषय मासिक सभेपुढे ठेवण्यात येईल.’ भांडण काढून टाकलं तरी त्यातला मुद्दा राहिला पाहिजे. सात दिवस आधी लावलेल्या नोटिशीत जो विषय नाही, त्यावर ऐनवेळी ठराव उरकून घ्यायचा ही सवय फार गावांना आहे. विषय वाचून जे आले नाहीत त्यांच्यावर तो अन्याय असतो.

ठराव संपला तिथे पानावर सहा ओळी मोकळ्या होत्या. भाऊसाहेबांनी पट्टी घेऊन त्यांवर तिरपी रेघ मारली आणि तिच्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी सरपंचताईंनी पूर्ण मजकूर वाचला, मगच सही दिली. वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली.

पंचायत समितीला जाते ती टंकलिखित नक्कल. पूर्वी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसायची. आता युनिकोडमुळे तो त्रास गेला, पण टंकातल्या चुका राहिल्याच. म्हणून केंद्रचालक मुलगी पडद्यावरचं मोठ्याने वाचत होती आणि भाऊसाहेब प्रोसिडिंगवर बोट ठेवून ऐकत होते. आकडा आला की ती अंक वाचायची आणि मग अक्षरी वाचायची. एका ठिकाणी पडदा आणि प्रोसिडिंग जुळले नाहीत. विरोधातला २७ तिच्या हातून ७२ झाला होता. तसाच गेला असता तर ८१ विरुद्ध ७२ असं एक वेगळंच गाव कागदावर उभं राहिलं असतं. खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’, सही, शिक्का, जावक क्रमांक. पोचपावतीवर आवकचा शिक्का घेऊन शिपाई परत आला तेव्हा ती प्रत त्याच फाइलला टाचली गेली.

पुढच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेले. पहिला विषय नेहमीचाच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. भाऊसाहेब सावकाश वाचत गेले. तिसरा ठराव संपला तसे आप्पा उठले. “व्होल्टेजचं मी बोललो ते आलंय. पण ट्रान्सफॉर्मर बदलायला वीज कंपनीला पत्र द्या म्हणालो होतो, ते नाही आलं.” कच्ची वही तिथेच होती. भाऊसाहेबांनी पान उलटून पाहिलं. टिपणात ते नव्हतं. मागे बसलेल्या दोघा-तिघांनी मात्र सांगितलं, हो, म्हणाले होते.

जुन्या पानाला त्यांनी हात लावला नाही. त्या दिवशीच्या कोऱ्या पानावर लिहिलं : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवण्यात आले. ठराव क्र. ३ वरील चर्चेत ट्रान्सफॉर्मर बदलण्याबाबत वीज कंपनीस पत्र देण्याची सूचनाही झाली होती, असे ग्रामस्थांनी निदर्शनास आणले. सदर दुरुस्तीसह इतिवृत्त कायम.’ मग मान वर करून विचारलं, “आप्पा, असं चालेल?” आप्पांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.